लिंगझीचा काढा, अर्क आणि कॉफीची पुडी



गेल्या चातुर्मासात एकदा स्वाध्याय संपल्यावर आम्ही सात-आठ जणी बस्तीच्या ओट्यावर बसलो होतो. ओळखीतल्या एका बाईंनी पर्समधून कॉफीच्या पुड्या काढून प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवली. साधी कॉफी नव्हती. तिच्यात 'रेशी' नावाची चिनी अळिंबी घातलेली होती. साखर, रक्तदाब, गुडघे, झोप सगळ्यावर चालते म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून कॅन्सरवरसुद्धा. "अळिंबी आपण खात नाही हे मला माहीत आहे, पण हे औषध आहे. आणि हिरवा ठिपका आहे बघा पुडीवर."

माझ्या नणंदबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे अक्काच म्हणतो, मला घरी येता येता विचारलं, "वैनी, हे आपल्याला चालतं का? आणि गुण येतो का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं. दुसऱ्यासाठी मला बरंच वाचावं लागलं. वाचता वाचता दोन हजार वर्षं मागे चीनपर्यंत जाऊन आले. तिथूनच सांगते, कारण आजच्या पुडीवरचे दावे तिथूनच वाहत आले आहेत.

चीनमध्ये या अळिंबीला लिंगझी म्हणतात. तीच दोन चिनी अक्षरं जपानी लोक 'रेशी' अशी वाचतात, म्हणून नावं दोन. ही मऊ छत्री नसते. लाकडावर उगवते, वरून लाखेचा हात फिरवल्यासारखी तांबूस चकाकते, आणि वाळली की बुचासारखी चिवट होते. दातांनी तुटत नाही.

इसवी सनापूर्वी १०९ साली हान घराण्याच्या सम्राट वूच्या गानच्युआन राजवाड्यात नऊ दांड्यांची झी उगवली, असं त्यांच्या इतिहासात नोंदलेलं आहे. सम्राटाने तो शुभशकुन मानला आणि कैद्यांना माफी जाहीर केली. पुढे 'शेननोंग बेनत्साओ जिंग' या जुन्या औषधी ग्रंथात सहा रंगांच्या झी वरच्या वर्गात घातल्या गेल्या. वरचा वर्ग म्हणजे रोज घेतली तरी चालेल आणि आयुष्य वाढवील अशी द्रव्यं. तांबड्या झीची चव त्यात कडू सांगितली आहे. हा कडूपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झी म्हणजे राजाचं पुण्य फळाला आलं, अशी समजूत एकदा पक्की झाल्यावर ती शोधून दरबारात आणणाऱ्यांची रांग लागली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग घराण्याच्या झेनझोंग सम्राटाला त्याचे अधिकारी हजारोंनी झी नजर करत होते. राजाला जे हवं ते दरबारात भरपूर उगवतं, त्यात चिनी असं काही नाही.

पण मला या सगळ्या इतिहासात आवडलेला माणूस वेगळाच आहे, ली शिझेन. सोळाव्या शतकातला वैद्य. त्याचा प्रचंड मोठा औषधीकोश, 'बेनत्साओ गांगमू', १५९६ मध्ये छापला गेला. त्यात त्याने लिंगझीचे गुण परंपरेप्रमाणे नोंदवले, आणि मग स्वतःचं मत दिलं. ही वस्तू कुजक्या लाकडाच्या उरल्यासुरल्या दमातून उगवते, माणसाच्या अंगावर गाठ यावी तशी. आणि ही खाल्ल्याने अमर होता येतं असं म्हणणं म्हणजे निव्वळ खुळेपणा. एवढ्यावर तो थांबला नाही. लाकडं ओलसर जागी रचून त्यांना औषध फासून पाच रंगांची झी उगवून घेणारे लोक आहेत, आणि वांग जिन नावाच्या एकाने अशीच झी सम्राटाला नेऊन दिली, हेही त्याने लिहून ठेवलं. म्हणजे नकली माल चारशे वर्षांपूर्वीच बाजारात होता, आणि त्याबद्दल बजावणारा वैद्यही.

कुजक्या लाकडाचं त्याचं निरीक्षण आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. याच कुळातल्या अळिंबीमुळे नारळाचा बुंधा कुजतो. त्या रोगाला तंजावर भागावरून नाव पडलं आहे. कर्नाटकात सुपारीच्या बागांत याच कुळामुळे होणाऱ्या रोगाला 'अणबे रोग' म्हणतात. आपल्यातल्या ज्या जणींचं माहेर सीमेपलीकडे आहे त्यांना सांगायला नको की अणबे म्हणजे कानडीत अळिंबी. बागाईतदार जिला बघून कपाळाला हात लावतो, तिलाच दुसरीकडे लोक संजीवनी म्हणतात.

आता काढ्याकडे येऊ.

लिंगझी चावता येत नाही, म्हणून ती पातळ काप करून पाण्यात उकळतात. मंद आचेवर तास-दोन तास, मग पाणी गाळून तेच काप पुन्हा उकळायचे आणि दोन्ही पाणी एकत्र करायचं. आजच्या चिनी औषधसंहितेत दिवसाची मात्रा वाळलेली अळिंबी ६ ते १२ ग्रॅम अशी आहे. हे आकडे विसरू नका.

इतका वेळ का उकळायचं, याचं कारण अळिंबीच्या पेशींच्या भिंतीत आहे. ती भिंत कायटिनची असते, खेकड्या-झिंग्याच्या कवचात असतं त्याच जातीचं द्रव्य. आपलं पोट ते नीट पचवू शकत नाही. त्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची लांब साखळ्यांची शर्करा अडकलेली असते. ती चवीला गोड नसते, आणि तिने रक्तातली साखर वाढत नाही. गरम पाणी ती सोडवून बाहेर आणतं. नुसती वाळवून दळलेली पूड कॅप्सूलमध्ये भरली तर यातलं बरंचसं भिंतीत तसंच राहून पोटातून निघून जाण्याचा संभव असतो.

दारूचा अर्क हे दुसरं प्रकरण. लिंगझी मद्यात भिजवून ठेवण्याची रीत चीनमध्येही होती, पण तिला खरा जोर आला तो गेल्या पन्नास वर्षांत. १९७० च्या आसपास जपान आणि चीनमध्ये ही अळिंबी लाकडाच्या भुशावर हवी तेवढी पिकवता येऊ लागली. रानात शोधायची गरज संपली, माल स्वस्त झाला आणि प्रयोगशाळांत पोहोचला. १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी तिच्यातली कडू द्रव्यं वेगळी काढून त्यांना गॅनोडेरिक आम्ल अ आणि ब अशी नावं दिली. जुन्या ग्रंथातला कडूपणा तो हाच. या वर्गाला ट्रायटरपीन म्हणतात, आणि ती पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये कितीतरी चांगली उतरतात.

मला हे स्वयंपाकघरातून समजलं. इसबगोल पाण्यात टाकलं की त्याचा बुळबुळीत चिकट भाग फुगून सुटतो. तेलात टाकलं तर काहीच होत नाही. हळदीचं उलट. पाण्यात ती नुसती गढूळ दिसते, पण गरम तेलात पडली की रंग सुटतो. एकाच पदार्थात पाण्याला वश होणारा भाग आणि न होणारा भाग दोन्ही असू शकतात. लिंगझीत बीटा-ग्लुकान पाण्याचं, कडू ट्रायटरपीन अल्कोहोलचं. लांब उकळल्यावर थोडा कडूपणा पाण्यातही येतोच, नाहीतर काढा कडू लागला नसता. उलट बाजूने मात्र दार बंद आहे. तीव्र अल्कोहोलमध्ये बीटा-ग्लुकान उतरत तर नाहीच, पण काढ्यात भरपूर अल्कोहोल ओतलं तर विरघळलेलं ग्लुकानसुद्धा ढगासारखं, तंतूंसारखं खाली बसतं. प्रयोगशाळेत ते वेगळं काढायची रीतच ही आहे.

म्हणून 'दुहेरी अर्क' असं लिहिलेला माल निघाला. आधी अल्कोहोलमध्ये भिजवायचं, मग तोच चोथा पाण्यात उकळायचा, शेवटी दोन्ही एकत्र. थेंबांच्या बाटलीत हे मिश्रण टिकायला अल्कोहोल पुरेसं लागतं, आणि ग्लुकान खाली बसू नये म्हणून ते कमीही ठेवावं लागतं. त्यामुळे अशा बाटलीच्या तळाशी गाळ दिसला तर तो बिघाड असेलच असं नाही, पण आपण वरचं पाणी घेऊन उपयोगी भाग तळाशी सोडतोय असं मात्र होऊ शकतं.

इथवर रसायनशास्त्र झालं. आता कॅन्सरचा दावा कुठून आला ते पाहू, कारण तो ऐकून माणसं पैसे काढतात.

१९६९ मध्ये गोरो चिहारा यांच्या टोकियोतल्या गटाने शिटाके या दुसऱ्याच अळिंबीतून लेंटिनान नावाचं ग्लुकान काढलं आणि उंदरांच्या गाठींवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. पुढे १९८५ मध्ये जपानने पोटाच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते मंजूर केलं. पण इंजेक्शन म्हणून. त्याआधी १९७७ मध्ये तिसऱ्याच एका अळिंबीचा गरम पाण्यातला अर्क, पीएसके, तोंडाने घ्यायचं औषध म्हणून तिथे मान्य झाला होता. पुढे तोही मुख्य उपचाराच्या जोडीलाच ठेवला गेला. या दोन्हींत लिंगझी कुठेच नाही. पण "जपानमध्ये अळिंबीपासून कॅन्सरचं औषध मंजूर झालं होतं" हे वाक्य खरं आहे, आणि ते बोलताना हातात लिंगझीच्या कॉफीची पुडी धरली की ऐकणाऱ्याच्या मनात जोड आपोआप लागते. कुणी खोटं बोललं असंही म्हणता येत नाही.

लिंगझीचं स्वतःचं काय? कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. त्यांच्या २०१६ च्या आढाव्यात कॅन्सरसाठी जमेस धरण्याजोग्या फक्त पाच चाचण्या निघाल्या, सगळे मिळून ३७३ रुग्ण. निष्कर्ष असा की कॅन्सरवरचा पहिला उपचार म्हणून लिंगझी वापरण्याला पुरावा पुरेसा नाही. केमोथेरपी किंवा रेडिएशनच्या जोडीला दिली तेव्हा प्रतिसाद थोडा बरा दिसला, पण त्या चाचण्यांचा दर्जा कमी होता. यातून फार तर "डॉक्टरांना विचारून जोडीला" एवढंच म्हणता येतं. त्याच्या एक पाऊल पुढे गेलं की ते विक्रीचं बोलणं झालं.

आता अक्कांची गोष्ट. मला विचारलं तेव्हा त्या आधीच तीन आठवडे रोज दोन पुड्या घेत होत्या. भाच्याच्या ओळखीने पूर्ण खोकं आणलं होतं, कारण खोकं घेतलं की आपणही विकू शकतो. आणि घरात कुणाला न सांगता संध्याकाळची साखरेची गोळी बंद केली होती. "औषध दुप्पट नको व्हायला" असं त्यांचं गणित. दिवाळीनंतर तपासणी झाली तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीएवनसी, ७.१ वरून ९.२ वर गेलेला. डॉक्टरांनी विचारल्यावर सगळं बाहेर आलं.

मी कॉमर्सची. मला आधी वजन आणि भाव दिसतो. अक्कांच्या खोक्यातली एक पुडी घेऊन चष्मा लावून बसले. वजन २० ग्रॅम. घटक या क्रमाने: साखर, नॉन-डेअरी क्रीमर, इन्स्टंट कॉफी, आणि शेवटी गॅनोडर्मा अर्क १ टक्का. पोषणाच्या तक्त्यात साखर १० ग्रॅम.

२० ग्रॅमचा १ टक्का म्हणजे ०.२ ग्रॅम. अर्क असं लिहिलं होतं, पण किती अळिंबीपासून किती अर्क केला ते कुठेच नाही. चांगल्यात चांगलं धरू, १० किलो अळिंबी उकळून आटवून १ किलो अर्क. तर पुडीत २ ग्रॅम अळिंबी, दोन पुड्यांत ४. चिनी संहितेची खालची मर्यादा ६ ग्रॅम, तिथेही पोहोचत नाही. आणि तो अर्क नसून नुसती पूडच असेल, तर ६ ग्रॅमसाठी दिवसाला ३० पुड्या लागतील, आणि त्यांच्याबरोबर ३०० ग्रॅम साखर. अक्कांपुरतं पाहिलं तर गोळी बंद झाली आणि २० ग्रॅम साखर रोज वाढली. अळिंबीचा यात संबंध असलाच तर फारच थोडा.

समजा मोठी मात्रा घेतली असती तर? ऑस्ट्रेलियात सिडनीला याचीच चाचणी झाली. टाइप २ मधुमेह असलेले ८४ जण, १६ आठवडे, रोज ३ ग्रॅम लिंगझी किंवा दिसायला सारखी बनावट कॅप्सूल. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. २०१६ मध्ये निकाल छापून आला. एचबीएवनसीत फरक नाही, उपाशीपोटीच्या साखरेत फरक नाही. हे अक्कांना वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग मला बरं का वाटत होतं गं?" कॉफीने वाटतं, अक्का. आपण चहासुद्धा अर्धा कप घेणाऱ्या बायका.

महाग कॅप्सूलचीही फार खात्री धरू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अमेरिकेच्या बाजारातले लिंगझीचे १९ नमुने घेतले होते. लेबलवर लिहिल्याप्रमाणे माल फक्त ५ मध्ये निघाला. बऱ्याच उत्पादनांत अळिंबीऐवजी तिचे धागे धान्यावर वाढवून, धान्यासकट दळलेले असतात. त्यात पिष्ठ भरपूर असतं. आणि लेबलवर 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असं लिहिलं तर पिष्ठही पॉलिसॅकराइडच, म्हणजे ज्वारीचं पीठही या हिशोबात बसतं. लेबलवर 'बीटा-ग्लुकान' हा आकडा वेगळा आणि 'ट्रायटरपीन' हा आकडा वेगळा दिलेला आहे का ते बघायचं.

घरी मी एक प्रयोग केला. एका मैत्रिणीने तिच्या मुलाने पाठवलेली कॅप्सूल दिली. तिची पूड अर्धा ग्लास कोमट पाण्यात ढवळून, बसू देऊन, वरचं फिकं पाणी घेतलं आणि औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचे दोन थेंब टाकले. शेजारी दुसऱ्या वाटीत तुलनेसाठी भाताची पेज. दोन्ही वाट्या निळ्या-काळ्या झाल्या. कॅप्सूलमध्ये धान्य होतं हे त्यातून कळलं, पण अळिंबी किती होती ते नाही. आणि उलट, रंग आला नाही म्हणून माल अस्सल असंही नाही, कारण अर्कात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असेल तर आयोडीनचा निळा रंग येत नाही. पुडीच्या कॉफीवर हा प्रयोग करू नका, तिच्या गडद रंगात काही दिसत नाही.

घेणाऱ्यांसाठी एक धोका सांगायलाच हवा. २००४ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी एका बाईंची नोंद प्रसिद्ध केली. त्या वर्षभर लिंगझी उकळून पीत होत्या, काही झालं नाही. मग त्यांनी पूड सुरू केली आणि साधारण महिन्याभरात यकृताला इजा झाली. २००७ मध्ये थायलंडमधून पूड घेणाऱ्या एका रुग्णाच्या यकृत निकामी होऊन मृत्यूची नोंद आली. दोन नोंदींवरून नियम ठरत नाही. पण पाण्यात जेवढं उतरतं तेवढंच पिणं आणि सगळंच गिळणं यांत फरक असू शकतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर पूड बंद करून डॉक्टरांना दाखवा, आणि काय घेत होतात ते लपवू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सांगा.

आता अक्कांचा पहिला प्रश्न. अळिंबी आपल्याकडे अभक्ष्य आहे, अनंतकाय म्हणून, आणि ती वाळवून दळून कॅप्सूलमध्ये भरली म्हणून दुसरी काही होत नाही. हिरवा ठिपका सरकारी आहे. त्याचा अर्थ एवढाच की त्यात प्राण्याचा अंश नाही. कांदा-लसणाच्या चटणीवरही तो असतो. थेंबांच्या अर्काचं तर विचारूच नका. अष्टमूलगुणांत पहिलाच त्याग मद्याचा. दुहेरी अर्काची कोरडी पूड असेल तर अल्कोहोल उडून गेलेलं असतं हे खरं, पण ज्यातून ते काढलं ती अळिंबी तिथेच आहे.

मात्र एक गोष्ट मला टाळायची आहे. आपल्याला चालत नाही म्हणून तिच्यात काही नाहीच, असं मी म्हणणार नाही. दोन हजार वर्षं कोट्यवधी लोकांनी तिचा काढा प्यायला आहे, आणि तिच्यातल्या द्रव्यांवर गंभीर संशोधन चालू आहे. आणि सिडनीच्या चाचणीत गुण आला नाही म्हणून आपला नियम खरा ठरला, असंही नाही. गुण आला असता तरी माझा नियम तोच राहिला असता. ज्या मैत्रिणीने आजारपणात वेगळा निर्णय घेतला असेल, तिला मी तिच्या लेबलवरचे आकडे वाचायला मदत करीन.

कायद्याचं एक सांगते. आपल्याकडे १९५४ चा औषधी व जादूटोणा उपचारांच्या जाहिरातींविषयीचा कायदा आहे. त्यातल्या यादीत मधुमेह आणि कॅन्सर दोन्ही आहेत. हे रोग बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. म्हणून पुडीवर तसं काही छापलेलं नसतं, फार बारकाईने शोधलं तर 'औषधी वापरासाठी नाही' असंच सापडतं. छापता येत नाही ते ओट्यावर बसून तोंडी सांगितलं जातं, आणि सांगणारी आपलीच असते. त्या बाईंनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. त्यांचेही दोन खोक्यांचे पैसे अडकले आहेत, हे मला नंतर कळलं.

अक्कांची संध्याकाळची गोळी पुन्हा चालू झाली. फाल्गुनातल्या तपासणीत आकडा ७.४ आला. खोक्यातल्या अकरा पुड्या अजून त्यांच्या कपाटात आहेत. फेकवत नाहीत, कारण पैसे दिलेत, आणि विकवत नाहीत, कारण आता माहीत आहे.